सेक्टर क्रमांक ७११९२४७४४

माझ्या टेबलावर महिन्यातून तीन-चार वेळा तरी हे वाक्य येतं:

```
E:\ is not accessible.
The request could not be performed because of an I/O device error.
```

वाक्य सभ्य आहे आणि त्यात माहिती जवळपास काहीच नाही. तुम्ही ड्राइव्हकडे काहीतरी मागितलं, देण्याघेण्यात कुठेतरी अडलं, काम झालं नाही. बस. ठक्कर बाजारच्या स्टँडवर खिडकीतून नुसतं 'गाडी रद्द' असं सांगावं, तसं. आता कसारा घाट बंद आहे, की गाडीचा टायर फुटलाय, की ड्रायव्हरच आलेला नाही, हे आपलं आपण शोधायचं.

मी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात लॅपटॉप आणि डिस्क दुरुस्त करते. ड्राइव्ह घेऊन येणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा आधी दोन-तीन व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यात 'ड्रायव्हर अपडेट करा', 'ड्राइव्हचं अक्षर बदला', 'chkdsk चालवा' अशी यादी असते. यादी चुकीचीच असते असं नाही, पण ती सगळ्या रोगांवर एकाच क्रमाने दिलेली असते. आणि या एररमध्ये क्रमालाच सगळं महत्त्व आहे, कारण तीनपैकी एका कारणात प्रत्येक प्रयोगागणिक ड्राइव्हचं आयुष्य कमी होत जातं.

गेल्या पावसाळ्यात मामांचा ड्राइव्ह आला, तो हे समजवायला सोयीचा आहे. त्यात तीन संशयितांपैकी दोन खरोखरच गुन्हेगार निघाले.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोकरीत असताना रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरायचे. २०१५ च्या सिंहस्थात त्यांनी रजा काढून तिन्ही शाही स्नानं टिपली: २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर. तिसरं स्नान ऋषिपंचमीला होतं. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर आजीही रामकुंडावर गेली होती आणि मामांनी तिचे चौदा फोटो काढले होते. आजी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. घरात तिचे इतर फोटो आहेत, पण ते लग्नाकार्यातले, खुर्चीत बसवून काढलेले. कार्डं तेव्हाच पुसून पुन्हा वापरली गेली होती, त्यामुळे त्या सिंहस्थाचे सगळे, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास फोटो एका एक टीबीच्या पोर्टेबल ड्राइव्हवरच होते.

"अगं, तो एक जण म्हणाला फॉरमॅट करावा लागेल," मामा म्हणाले. "मी हो म्हटलं नाही. बरं केलं ना?"

"फार बरं केलंत, मामा."

मी ड्राइव्ह त्यांच्याच केबलने जोडला आणि हातात धरून कानाशी नेला. पहिली तपासणी हीच, आणि तिला पाच सेकंद लागतात. तबकडी फिरल्याची सलग घरघर ऐकू आली पाहिजे. त्याऐवजी टक्... टक्... टक्... असा एकसुरी आवाज असेल, तर आतलं हेड, म्हणजे तबकडीवरून वाचणारा तो बारीक हात, जागा सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागे येतंय. अशा वेळी केबल बदलणं वगैरे काही करायचं नाही. काढून ठेवायचा आणि जिथे धूळमुक्त खोलीत ड्राइव्ह उघडतात अशा ठिकाणी पाठवायचा. मामांचा ड्राइव्ह सलग घरघरत होता.

पण विंडोजचा 'टुंग-टुंग' आवाज थांबेना. ड्राइव्ह दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत दिसायचा. फोल्डर उघडायला गेलं की वरचं वाक्य.

इथे थोडं आत डोकावू. तुम्ही एका फोटोवर क्लिक करता, तेव्हा विंडोजची फाइल सिस्टीम आधी तो फोटो कोणत्या सेक्टरमध्ये आहे ते शोधते. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा क्रमांक असलेला एक छोटा कप्पा, साधारणपणे ५१२ बाइटचा धरलेला. मग ड्रायव्हर त्या क्रमांकाची मागणी यूएसबीच्या भाषेत बांधतो. ती केबलमधून जाते, डब्यातली एक चिप तिचा अर्थ लावते आणि शेवटी ड्राइव्ह स्वतः हेड हलवून कप्पा वाचतो. उत्तर त्याच वाटेने परत येतं. वाटेत कुठेही अडलं तरी वरच्या टोकाला पोहोचतं ते तेच एक वाक्य. पण वाटेतल्या मधल्या लोकांनी आपापल्या वहीत बरंच काही लिहून ठेवलेलं असतं. विंडोजमध्ये ही वही म्हणजे `Event Viewer`, आणि त्यात `Windows Logs` खाली `System`. ती वाचल्याने ड्राइव्हवर काडीचाही ताण येत नाही. म्हणून दुसरी तपासणी ही.

मामांच्या ड्राइव्हच्या नोंदींमध्ये १५७ क्रमांकाच्या ओळींची रांग होती: `Disk 1 has been surprise removed.` कोणी हात न लावता ड्राइव्ह 'अचानक काढला गेला' असं विंडोजला वाटतंय, म्हणजे वाटच तुटतेय. या नोंदीत तबकडीबद्दल एक अक्षर नाही. संशय केबलवर, पोर्टवर किंवा अपुऱ्या विजेवर.

पोर्टेबल ड्राइव्हच्या डब्याला ती रुंद, दोन भागांची पिन असते ना, तिच्यात एक गंमत आहे. त्यातला मोठा भाग म्हणजे आपल्या जुन्या मोबाइल चार्जरची मायक्रो यूएसबी पिनच. यूएसबी ३ च्या वेगासाठी लागणाऱ्या जास्तीच्या तारा शेजारच्या छोट्या भागात आहेत. त्यामुळे जुन्या फोनची डेटा केबल त्या मोठ्या भागात घातली, तर ड्राइव्ह यूएसबी २ च्या वेगाने चालतो. वेग कमी, पण डेटा पूर्णपणे वेगळ्या तारांवरून जातो. रुंद केबल पिशवीत दुमडून दुमडून आतून तुटली असेल, तर या फुकटच्या प्रयोगात लगेच कळतं. दोन अटी आहेत. केबल नुसती चार्जिंगची नको, तिच्यात डेटाच्या तारा हव्यात. आणि यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरचीच हमी देतं, यूएसबी ३ चं ९०० ची. म्हणून लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टातच जोडलेलं बरं, नाहीतर ड्राइव्ह उपाशी राहून अडखळेल आणि दोष भलत्यालाच लागेल.

याच कारणाने ड्राइव्ह फोनला ओटीजीने जोडून तपासू नका. फोन पुरेशी वीज देईलच असं नाही, आणि विंडोजवर वापरलेल्या ड्राइव्हची एनटीएफएस मांडणी बऱ्याच फोनना वाचता येत नाही. मग फोन शांतपणे विचारतो, फॉरमॅट करू का? ड्राइव्ह ठणठणीत असतानाही हा प्रश्न येतो, आणि अंगठा सवयीने 'ओके'वर जातो.

जुन्या मोबाइलच्या केबलवर मामांचा ड्राइव्ह शांत झाला. टुंग-टुंग थांबलं, ड्राइव्ह टिकून राहिला, `Simhastha 2015` हे नाव स्क्रीनवर दिसलं. मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"उघड ना. ऋषिपंचमीचं फोल्डर उघड."

मी नाही उघडलं. फोटोंचं फोल्डर उघडलं की विंडोज प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवायला घेते, म्हणजे शेकडो ठिकाणी हेड इकडून तिकडे पळवते. ड्राइव्ह धडधाकट असेल तर काही बिघडत नाही. पण तो तसा आहे हे अजून ठरलेलं नव्हतं. केबल खराब होती एवढंच सिद्ध झालं होतं. बाकी सगळं ठीक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

मामांना हे पटलं नाही. दिसतंय ना, मग? त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तिसरी तपासणी स्मार्टची. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची एक नोंद स्वतःच ठेवते, आणि CrystalDiskInfo सारखं फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यात वीसएक ओळी असतात. मी तीनच बघते.

`C7` म्हणजे तारेवर डेटा बिघडल्याची मोजणी. हा आकडा मोठा असेल तर केबल खराब, असं बरेच जण सांगतात आणि कॉम्प्युटरच्या आत लावलेल्या डिस्कपुरतं ते बरोबर आहे. पण ही मोजणी डिस्कला जोडलेल्या साटा तारेची असते, यूएसबी केबलची नाही. मामांच्या ड्राइव्हवर `C7` शून्य होतं, आणि केबल तर डोळ्यांदेखत मेलेली. बाहेरच्या ड्राइव्हचं `C7` शून्य आहे म्हणून केबलला निर्दोष सोडू नका.

`05` म्हणजे कायमच्या बाद करून राखीव जागेत हलवलेल्या कप्प्यांची संख्या. तीही शून्य.

`C5` मात्र शून्य नव्हतं. `000000000018`. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळाच्या पाढ्यात दाखवतं, त्यामुळे हे अठरा नाहीत, चोवीस आहेत. `C5` म्हणजे टांगणीला लागलेले सेक्टर. ड्राइव्हने वाचायचा प्रयत्न केला, पुन्हा पुन्हा केला, चुका दुरुस्त करायचं त्याचं गणितही लावून पाहिलं, तरी आतला मजकूर जुळला नाही. मग तो कप्पा बाद का करत नाही? कारण आत काय होतं तेच त्याला माहीत नाही. बाद केला तर तुमचा मजकूर गेल्याचं जाहीर करावं लागेल. म्हणून तो थांबतो. कधीतरी वाचता येईल, किंवा कोणीतरी तिथे नवं काही लिहील आणि जुन्याची चिंता मिटेल.

'फॉरमॅट केल्यावर ड्राइव्ह नीट झाला' या गोष्टीचं रहस्य इथे आहे. सगळ्या कप्प्यांवर नवीन लिहिणारं पूर्ण फॉरमॅट केलं की टांगणीला लागलेले सेक्टर मोकळे होतात आणि एरर जाते. ज्यासाठी ड्राइव्ह आणला होता, तेही जातं. `chkdsk /r` चं दुखणं जरा वेगळं. ते सगळी डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचतं, अडलेल्या जागी घुटमळतं आणि फाइल सिस्टीममध्ये आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्त्या लिहितं. ड्राइव्ह चांगला असून नुसती मांडणी बिघडली असेल तर उत्तम औषध. तबकडीच आजारी असेल तर आजाऱ्याला गंगापूर धरणापर्यंत पळवत नेऊन नाडी बघण्यासारखं.

आता राहिला ड्रायव्हर. हा संशयित लोकांना सर्वांत आवडतो, कारण तो दोषी निघाला तर खर्च शून्य. आणि तो कधीकधी खरंच दोषी असतो. आजचे बरेच यूएसबी ड्राइव्ह यूएएस नावाच्या पद्धतीने चालतात, ज्यात एकाच वेळी अनेक मागण्या पाठवता येतात. डब्यातल्या काही चिपना ते नीट झेपत नाही. तेव्हा नोंदींमध्ये १२९ क्रमांक दिसतो: `Reset to device ... was issued.` मागणीला उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने ड्राइव्हला हलवून जागं केलं, असा त्याचा अर्थ. खराब केबलमुळेही हीच ओळ येऊ शकते, म्हणून केबल आधी बदलायची. दुसरी खूण वेळेची. ड्राइव्ह दहा-पंधरा मिनिटं नुसता पडून राहिला की पहिल्याच क्लिकला एरर, आणि एरवी तासन्‌तास कॉपी सुरळीत, असं असेल तर वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सेटिंग बघावी.

ड्रायव्हरला सोडवायचा किंवा अडकवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे विंडोजच बाजूला ठेवायची. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करते. तिथे ड्रायव्हर वेगळा, फाइल सिस्टीमचा कोड वेगळा, सगळंच वेगळं. समान फक्त ड्राइव्ह. तिथे एरर आली नाही तर विंडोजकडे बोट, आली तर ड्राइव्हकडे.

मोबाइलच्या केबलवर विंडोजने मघाच नवी नोंद केली होती, १५३ क्रमांकाची:

```
The IO operation at logical block address 0x2a6f1c00
for Disk 1 was retried.
```

पाच-सहा वेळा, दर वेळी तोच पत्ता. साध्या आकड्यात ७११९२४७३६. मग लिनक्सवर, त्याच ड्राइव्हची त्या भागातली थोडीशी जागा वाचायला सांगितल्यावर:

```
Sense Key : Medium Error
Add. Sense: Unrecovered read error
critical medium error, dev sdb, sector 711924744
```

दोन आकड्यांत आठाचा फरक आहे, कारण विंडोजने मागणी जिथून सुरू झाली तो पत्ता लिहिला आणि लिनक्सने नेमका न वाचलेला कप्पा. जागा तीच, ड्राइव्हच्या सुरुवातीपासून सुमारे ३६४ जीबीवर. दोन वेगळ्या प्रणाली, दोन वेगळे ड्रायव्हर, आणि बोट एकाच ठिकाणी. शिवाय `Medium Error` हा शब्द लिनक्सचा नाही. तो ड्राइव्हने स्वतः पाठवलेला कबुलीजबाब आहे. केबल खराब असती तर इथे `reset high-speed USB device` अशा ओळी आल्या असत्या आणि अडण्याची जागा दर वेळी वेगळी निघाली असती.

मला विचाराल तर सगळं निदान यावरच उभं आहे. एरर एका जागी खिळलेली असेल तर तबकडी. केबल हलवल्यावर, बदलल्यावर हलत असेल तर केबल. कॉम्प्युटर बदलल्यावर गायब होत असेल तर ड्रायव्हर. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डाला हे तितकंसं लागू नाही. त्यांच्यात तबकडी नसते, आणि ती मरतात तेव्हा बहुतेक वेळा सगळी एकदमच गप्प होतात.

निदान झालं. आता कॉपी. आजीचे फोटो आधी काढून घ्यावेत हा मोह मलाही होता. पण फाइल-फाइल कॉपी करताना एका वाईट फाइलपाशी ड्राइव्ह मिनिटभर झगडत बसतो, आणि त्या झटापटीत हेडच गेलं तर पुढचे दहा हजार फोटोही जातात. म्हणून सगळ्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढायची, चांगला भाग आधी. हे काम `ddrescue` करतं. सिस्टमरेस्क्यू या लिनक्सच्या पेनड्राइव्हवर ते तयार मिळतं. जुना ड्राइव्ह `sdb`, आणि नवा दोन टीबीचा ड्राइव्ह `/mnt/new` वर लावलेला:

```
ddrescue -n /dev/sdb /mnt/new/mama.img /mnt/new/mama.map
ddrescue -d -r3 /dev/sdb /mnt/new/mama.img /mnt/new/mama.map
```

पहिली आज्ञा अडलेल्या जागी थांबत नाही, उडी मारून पुढे जाते आणि काय राहिलं ते `mama.map` मध्ये टिपून ठेवते. दुसरी त्या राहिलेल्या जागांकडे परत येते आणि प्रत्येकीला तीन वेळा विचारते. मध्ये वीज गेली तरी (आणि पावसाळ्यात ती जातेच) नकाशा असल्यामुळे काम तिथूनच पुढे सुरू होतं. आज्ञा देण्याआधी `lsblk` ने कोणता ड्राइव्ह कोणत्या नावाने दिसतोय ते मोठ्याने वाचून दाखवायची माझी पद्धत आहे. मामांनी माना डोलावल्या, त्यांना काही कळत नव्हतं तरी.

कॉपीसाठी एमजी रोडवरून नवी रुंद केबल आणली. जुन्या मोबाइल केबलवर एक टीबीला आठ तास लागले असते. नव्या केबलवर पहिली फेरी सव्वातीन तासांत संपली. दुसऱ्या फेरीने दोन तास घेतले आणि त्यातला बहुतेक वेळ आकडा हललाच नाही. शेवटी पाच ठिकाणी मिळून १,८८,४१६ बाइट वाचता आले नाहीत, म्हणजे एका टीबीतले १८८ किलोबाइट. एका बऱ्यापैकी फोटोच्या विसाव्या भागाइतके.

पण ते एका फोटोतले नव्हते. सात फोटोंमध्ये वाटले गेले होते. जेपीईजी फोटोत मजकूर एकापुढे एक गुंफलेला असतो, त्यामुळे मधला चार किलोबाइटचा तुकडा गेला की तिथपासून खालचं चित्र बिघडतं. सातपैकी चार साधूंच्या मिरवणुकीचे होते, एक पोलिसांच्या बॅरिकेडचा. दोन आजीचे.

बाकीचे बारा स्वच्छ होते. बिघडलेल्या दोघांतला एक जवळपास सगळाच राखाडी. दुसऱ्यात आजीचा चेहरा आणि डोक्यावरून घेतलेला पदर आहे, कमरेखाली राखाडी पट्टा. रामकुंडाचं पाणी त्या पट्ट्यात गेलं. मामांनी तो फोटोही ठेवायला सांगितला.

दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रती झाल्यावर मामांनी विचारलं, "मग हा जुना टाकायचा का? आता नवी केबल आहे ना त्याला."

प्रश्न रास्त होता. मी सगळ्या जुन्या ड्राइव्हवर शून्यं लिहून टाकली. `C5` शून्य झालं, `05` वर `20` आलं, म्हणजे बत्तीस सेक्टर बाद होऊन राखीव जागेत गेले आणि बाकीचे पुन्हा लिहिल्यावर धड झाले. स्मार्टच्या भाषेत ड्राइव्ह बरा. मग तो सिनेमांनी भरून ठेवला आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करताना पूर्ण वाचून पाहिला. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी `C5` पुन्हा `8`.